तांबडा रस्सा जहाल झालाय, पातेलं अजून गॅसवरच आहे

अश्विनी_कर्वेनगर (सकाळी १०:५२)

घाईत लिहितेय. दुपारी १ वाजता बारा माणसं जेवायला आहेत. दीड किलो मटणाचा तांबडा रस्सा केलाय, साधारण चार लिटर असेल. कांदा-लसूण चटणी नेहमीच्याच मापाने, पाच मोठे चमचे घातली. पण ही चटणी यंदाची नवी आहे, गावाहून परवाच आली. या वेळी मिरची कुठली वापरली माहीत नाही, पण चमचाभर रस्सा चाखला आणि कानातून धूर निघाला. पाहुण्यांत तीन लहान मुलं आणि एक पथ्यावर असलेले काका आहेत. मटण शिजलंय. शेजारच्या पातेल्यात पांढऱ्या रश्श्यासाठी ठेवलेलं अळणी पाणी आहे, मटण शिजवलेलंच, दोन तांबे भरेल. दोन नारळ आहेत. काय करू?

मृणाल_डोंबिवली (१०:५७)

अगं बटाटे टाक. तीन-चार बटाटे सोलून अर्धे करून सोड, दहा मिनिटांनी काढून घे. जास्तीचं तिखट शोषून घेतात. नाहीतर कणकेचे गोळे. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या हेच करतात. आणि वाटीभर दही फेटून घाल, लगेच उतरेल.

प्रथमेश_एडिसन (११:०१)

तिखट लागलं तर पाणी अजिबात पिऊ नका, त्याने तोंडभर पसरतं. गार दूध किंवा ताक तोंडात धरून ठेवा. दुधातलं प्रथिन तिखटाला पकडतं आणि धुऊन नेतं. इथे आमच्याकडे अमेरिकन पाहुणे आले की मी टेबलावर ताकाचा जग ठेवतोच.

अश्विनी_कर्वेनगर (११:०४)

प्रथमेश, माझ्या तोंडाचं नंतर बघू, पातेल्याचं आधी :) मृणालताई, दही घालतेच आता, घरात आहे.

करवीरचा_बल्लव (११:०९)

ताई, थांबा. दही घातलं नसेल तर घालू नका. गॅस बंद करा आणि दहा मिनिटं पातेल्याला हात लावू नका.

मी कोल्हापुरात लग्नाकार्याच्या जेवणाची कामं घेतो, शंभर-दीडशे माणसांच्या रश्श्यात हे होतंच. चटणी दर वर्षी बदलते. संकेश्वरी जास्त पडली की एक रंग, लवंगी मिसळली की वेगळीच आग, ब्याडगी जास्त असली तर रंग लाल पण जीभ शांत. म्हणून नव्या चटणीला जुनं माप चालत नाही.

आता मुद्द्याचं. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, पाण्यात फारच थोडा. तुम्ही चटणी तेलात परतली असणार, म्हणजे बराचसा जाळ वर तरंगणाऱ्या कटात बसलाय. उकळी चालू असताना तो सगळ्या रश्श्यात फिरत असतो, म्हणून हात लावू नका म्हटलं. स्थिर झालं की वर येतो. आला की आधी एक तपासणी करा: पळीने कट बाजूला सारा, खालचा रस्सा पळीभर घ्या, वाटीत ओतून कोमट होऊ द्या आणि मग चाखा. गरम असताना चाखलं तर सगळंच जास्त जाळतं, अंदाज चुकतो. खालचा रस्सा वरच्यापेक्षा स्पष्ट सौम्य लागला, तर तुमचं निम्मं काम कट काढून होणार. दोन्ही सारखंच तिखट लागलं तर चटणीचा चोथा रश्श्यात भिनलाय, मग नुसता कट काढून भागणार नाही.

कट काढायला पळी आडवी धरा, कडेला टेकवा आणि वरच्या वर तेल आत येऊ द्या. खाली बुडवलीत की रस्साच निघतो. फेकू नका, वाटीत काढून ठेवा.

अश्विनी_कर्वेनगर (११:१३)

दही घातलं गेलं हो. वाटीभर, फेटून. आता तिखट थोडं कमी वाटतंय पण आंबट झालाय, आणि बारीक कण कण दिसताहेत. गॅस बंद केलाय.

करवीरचा_बल्लव (११:१६)

ठीक आहे, हातातून गेलेलं नाही. कण दिसताहेत ते दही फाटल्यामुळे. उकळत्या रश्श्यात बेसनाच्या आधाराशिवाय दही पडलं की असं होतं. चवीला बाधा नाही, वाटण पडलं की दिसणारही नाहीत. पण आंबटपणाचा एक त्रास असा की तो जाळ जास्त टोचरा करतो. म्हणून आता दोन्ही एकदम खाली आणायला लागेल. कट वर आला का सांगा.

सावजी_पाट्या (११:१८)

तर्री काढायची? तर्री म्हणजेच भाजीचा जीव आहे. नागपुरात आम्ही तर्री काढून टाकली असं कुणाला सांगितलं तर जेवायला कुणी येणार नाही. तर्री गेली की रंग गेला, मसाल्याचा वास गेला, राहिलं पाणी. त्यापेक्षा रस्सा वाढवा. मटण कमी पडेल तर पडू द्या.

करवीरचा_बल्लव (११:२३)

पाटील, रंग जातो हे खरं, तो पण तेलातच असतो. पण तो परत आणता येतो, खाली लिहितो. नुसतं पाणी वाढवण्यात एक मोठी अडचण आहे. चार लिटरात चार लिटर पाणी घातलं तर जाळ अर्धा होतो, पण मीठ, वाटण, मटणाची चव, सगळंच अर्धं होतं. मग ते मीठ घाल, गरम मसाला घाल करत बसायचं आणि शेवटी भलतंच काहीतरी तयार होतं. म्हणून आम्ही पाणी घालत नाही. तिखट सोडून बाकी सगळं असलेला दुसरा थोडा रस्सा वेगळा करतो आणि पहिल्यात मिसळतो. ताईंकडे अळणी पाणी आयतं आहे, ही सगळ्यात मोठी सोय.

अश्विनी_कर्वेनगर (११:२६)

कट वर आलाय, लालभडक, बोटभर जाडीचा थर आहे. खालचा रस्सा चाखला, वाटीत गार करून. तिखट आहेच पण वरच्यासारखा नाही. आंबट मात्र खालीही तेवढाच.

करवीरचा_बल्लव (११:२८)

बरोबर, आंबट पाण्यातच असतं. ते वर येऊन बसत नाही, म्हणून काढूनही टाकता येत नाही. त्याला दुसरं औषध.

आधी कट काढा. सगळा नाही, तीन हिश्श्यांतले दोन.

मग दुसऱ्या कढईत: दोन मध्यम कांदे उभे चिरून कोरड्या तव्यावर काळपट डाग पडेपर्यंत भाजा. पाऊण वाटी सुकं खोबरं किसून बदामी. एक चमचा तीळ, एक चमचा खसखस. पाच-सहा लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर. मिरची शून्य. हे अळण्याच्या पाण्याचा हबका मारत गंधासारखं वाटा. दोन चमचे तेलात परता, वाटण गोळा होऊन कडेने तेल सुटेपर्यंत. हे परतणं टाळलं तर रश्श्याला कच्च्या कांद्याचा गोडसर वास येतो, आणि तो उकळूनही जात नाही. मग त्यात एक तांब्या अळणी पाणी आणि मीठ घालून पाच मिनिटं उकळा. हा तुमचा बिनतिखटाचा रस्सा. तो मोठ्या पातेल्यात ओता, मंद उकळीवर दहा मिनिटं.

सुकं खोबरं, तीळ, खसखस हे सगळं तेलकट आहे. राहिलेला जाळ त्यात वाटला जातो, आणि जिभेला सलग जाड रस्सा लागतो, म्हणून टोचत नाही.

मृणाल_डोंबिवली (११:३३)

बटाट्याचं कुणी काहीच बोललं नाही. मी स्वतः करते आणि रस्सा सौम्य होतो, हे मी खात्रीने सांगतेय.

मीनाक्षी_सातारा (११:४१)

मृणाल, मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे या बटाट्याच्या मागे एकदा लागले होते. बटाटा रस्सा पितो, नुसतं तिखट वेगळं काढून पीत नाही. म्हणजे त्याच्या पोटात जो रस्सा जातो तोही तेवढाच तिखट आणि जो पातेल्यात उरतो तोही तेवढाच. बटाटा काढून टाकलास तर थोडा रस्सा त्याच्याबरोबर गेला, एवढंच. तरी तुला फरक जाणवतो त्याचंही कारण आहे. आपण बहुतेक वेळा तो बटाटा काढत नाही, ताटात वाढतो. घासाबरोबर बिनतिखटाचा भाग तोंडात येतो, शिवाय कडा विरघळून रस्सा दाटतो. म्हणून बटाटा ठेवायचा असेल, दोन फोडी रश्श्यातच मोडायच्या असतील तर जरूर घाल. काढून टाकण्यासाठी घालण्यात अर्थ नाही. कणकेच्या गोळ्यांचंही तसंच, आणि ते जास्त वेळ राहिले तर रस्सा चिकट होतो.

आणखी एक. अश्विनी, आता तू चाखू नकोस. चार-पाच वेळा तिखट चाखल्यावर जीभ बधिर होते, तुला कमी वाटेल आणि मुलांना भाजेल. ज्याने सकाळपासून एकदाही चाखलेलं नाही त्याला दे, आणि नुसता नको, भाताच्या घासाबरोबर दे.

मृणाल_डोंबिवली (११:४४)

मोडून घातलेला बटाटा चालतो म्हणजे बटाटा चालतोच ना मग. असो, मुद्दा कळला.

बाणकोटचा_खलाशी (११:४७)

माझा प्रश्न इथेच विचारतो, कारण मी पण आत्ता चुलीसमोर आहे. बांगड्याचं कालवण, पाच बांगडे, आणि आंबट ढाण झालंय. आमसुलं सात-आठ टाकली होती, या वर्षीची ताजी आहेत. गूळ घालू का? बायको म्हणते सोडा घाल.

गोव्याची_सुगंधा (११:५२)

खलाशीदादा, सगळ्यात आधी आमसुलं बाहेर काढा. चिंचेचा कोळ घातला की तेवढ्यावर थांबतो, पण सोलं जोवर आत आहेत तोवर आंबट सोडतच राहतात. तुम्ही वर काहीही घाला, अर्ध्या तासाने परत तेवढंच आंबट होणार. कैरीची फोड, बिमलं, अंबाडे, सगळ्यांचं तेच.

मग बांगडे अलगद ताटलीत काढून घ्या. दुरुस्ती करताना रस उकळावा लागतो आणि तेवढ्यात मासा फुटतो. नुसत्या रसात वाटीभर नारळाचं पातळ दूध घालून एक उकळी काढा, मीठ बघा, मासे परत सोडा, आणि गॅस बंद करून वरून अर्धी वाटी जाड दूध. जाड दूध घातल्यावर उकळी आणू नका, फुटतं. आमच्याकडे हुमण आंबट झालं तर गूळ कुणी घालत नाही, नारळच.

सोडा आमसुलाच्या रसात घालू नका. रंग जातो. तो लालसर रस मळकट, काळपट निळा होतो आणि जेवायची इच्छा जाते.

मीनाक्षी_सातारा (११:५९)

सुगंधाचं रंगाबद्दल अगदी बरोबर. पण सोड्याला सरसकट नाही म्हणू नका, कारण आंबट खरोखर मोडणारी घरातली वस्तू तेवढीच आहे. गूळ आंबट झाकतो, नारळ त्याला पातळ करतो आणि गुंडाळतो, सोडा ते संपवतो. टोमॅटोचं सार किंवा चिंचेची आमटी फारच आंबट झाली असेल आणि पाणी वाढवायला जागा नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

पण कसा घालायचा ते महत्त्वाचं. खायचा सोडाच घ्या. थेट पातेल्यात नाही. वाटीभर आमटी काढा, त्यात अगदी चार दाणे टाका. फसफसेल. फेस पूर्ण बसू द्या, मग चाखा. तेवढ्याने फरक पडला तर त्याच प्रमाणात पातेल्यात, लिटरभराला चिमटीत मावेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात. पातेलं काठोकाठ भरलेलं असेल तर फेस उतू जातो, आधी मोठ्या भांड्यात घ्या. फेस येणं थांबलं की त्या भांड्यात आंबटच उरलेलं नाही, तिथून पुढचा प्रत्येक दाणा साबणासारखी चव देतो. हळदीची आमटी तांबूस दिसायला लागली तर हद्द कधीच ओलांडली आहे. आणि सोडा थोडा खारट असतो, म्हणून मीठ त्यानंतरच बघायचं.

बाणकोटचा_खलाशी (१२:०६)

आमसुलं काढली. आठ नव्हती, अकरा निघाली. मासे ताटलीत आहेत, बायको नारळ खवतेय.

अश्विनी_कर्वेनगर (१२:१०)

माझं: कट काढला, एक मोठी वाटी निघाला. वाटण परतून, उकळून ओतलं, दहा मिनिटं झाली. शेजारच्या काकूंना भाताबरोबर चाखायला दिलं. त्या म्हणाल्या तिखट आता बरं आहे, झणझणीत पण खाण्यासारखं. दह्याचे कण दिसत नाहीत. पण आंबट अजून जरा पुढे येतंय, आणि रंग फिका, विटकरी झालाय. मटणाच्या रश्श्यात सोडा घालू का?

करवीरचा_बल्लव (१२:१४)

नको. एक वाटी दह्याला सोडा लागत नाही, आणि रश्श्यात चवीची गुंतागुंत एवढी असते की साबणाची झाक कुठून येते ते कळेपर्यंत उशीर होतो. तुमच्याकडे दोन नारळ आहेत ना? एक खवून, अळण्याचा राहिलेला तांब्या कोमट करून त्यात वाटा आणि गाळून घ्या. पांढऱ्या रश्श्याला दुसरा नारळ पुरतो, थोडा पातळ होईल, होऊ दे. ते दूध तांबड्यात घाला, उकळी येऊ न देता पाच मिनिटं मंद. तेवढ्याने आंबट बसेल.

रंग: छोट्या कढल्यात दोन चमचे तेल कोमटपेक्षा थोडं जास्त तापवा, गॅस बंद करा, मग त्यात दोन चमचे काश्मिरी किंवा ब्याडगीची पूड. तेल लाल झालं की लगेच रश्श्यावर ओता. तेल धुरावलेलं असेल तर पूड काळी पडते आणि कडू लागते, तेव्हा ते फेकून पुन्हा करा. जाळ नाही, नुसता रंग.

सावजी_पाट्या (१२:१७)

तांबड्यात नारळाचं दूध. मग त्याला तांबडा म्हणू नका एवढंच माझं म्हणणं. सुपारीएवढा गूळ घातला असता तर चव तरी मूळची राहिली असती.

करवीरचा_बल्लव (१२:२१)

गुळाला माझा विरोध आहे. पहिल्या घासाला बरं वाटतं, तिसऱ्या घासाला आंबट-गोड लागायला लागतं, आमटीसारखं. चिंचगुळाच्या आमटीत तो शोभतो. मटणात नाही.

सावजी_पाट्या (१२:२३)

आम्ही घालतो आणि कुणाला कळत नाही.

प्रथमेश_एडिसन (१२:२६)

इथे नारळ खवायचा प्रश्नच नाही, डब्यातलं दूध मिळतं. ते चालेल का? आणि भरली वांगी तिखट झाली तर कट कुठून काढायचा, तिथे तर रस्साच नसतो. परवा तेच झालं म्हणून विचारतोय.

गोव्याची_सुगंधा (१२:३२)

डब्यातलं चालतं, पण ते जाड असतं, अर्ध्याला अर्धं पाणी घालून वापरा आणि मीठ-साखर घातलेलं नाही ना ते डब्यावर वाचा.

भरल्या वांग्यात काढायला काही नसतं, म्हणून घालायचंच. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी, थोडं ओलं खोबरं, पाण्याचा हबका, झाकण ठेवून पाच मिनिटं. वांग्यातल्या सारणाला हात लावू नका, अंगाबरोबरचा मसालाच वाढवा. आत तिखट राहतं पण घासाला मिळून येतं. अख्ख्या हिरव्या मिरच्या घातल्या असतील तर त्या आधी वेचून काढा, ढवळताना फुटल्या की बिया सगळीकडे होतात.

बाणकोटचा_खलाशी (१२:३८)

सुगंधाताई, कालवण जमलं. मासे फुटले नाहीत. थोडं आंबट आहे पण आता ते आमसुलाचं वाटतं, दात आंबत नाहीत. मुलगी म्हणतेय असंच करत जा.

अश्विनी_कर्वेनगर (१२:४४)

नारळाचं दूध घातलं, काश्मिरीचं तेल ओतलं. रंग परत आलाय. पुन्हा काकूंनाच दिला, आंबट गेलं म्हणाल्या. माप आता सहा लिटरच्या वर गेलंय, मटण त्यात थोडं हरवल्यासारखं दिसतंय. काढलेल्या कटाचं काय करू? आणि मुलांसाठी वेगळं काही?

करवीरचा_बल्लव (१२:४९)

मटणाचे तुकडे झाऱ्याने निथळून वेगळ्या भांड्यात काढा, थोडा दाट रस्सा त्यावर, आणि ते सुकं म्हणून वाढा. रस्सा वाट्यांतून वेगळा. मग मटण कमी दिसत नाही. मुलांच्या वाटीत अर्धा पांढरा, अर्धा तांबडा मिसळा. पथ्यावरच्या काकांना नुसता पांढरा.

कट वाटीत चमचा घालून टेबलावर ठेवा, ज्याला पाहिजे तो वरून घेईल. उरला तर फ्रीजमध्ये झाकून ठेवा, उद्या मटकीच्या उसळीला फोडणीच्या तेलाऐवजी दोन चमचे घाला. त्यात मटणाचा अंश आहे, म्हणून दोन-तीन दिवसांत संपवा. आणि चटणीच्या बरणीवर आजच चिठ्ठी लावा: दीड किलोला तीन चमचे.

सावजी_पाट्या (१२:५२)

कट टेबलावर ठेवताय ते बरं केलं. माझ्यासारखा कुणी आला तर त्याची सोय झाली.

मृणाल_डोंबिवली (१२:५५)

अश्विनी, एक बटाटा उकडून कुस्करून त्या सुक्याच्या रश्श्यात घाल, पटकन दाट होईल. या वेळी काढायला सांगत नाहीये.

अश्विनी_कर्वेनगर (१२:५८)

घातला, मृणालताई. बेल वाजली, जाते.